शपथेवरचा कागद

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आणि न्यायालय यांच्या मधल्या रस्त्यावर एक लहानशी बाजारपेठ असते. मुद्रांक विक्रेता, टायपिंग करून देणारा, झेरॉक्सवाला आणि काळा कोट घालून बसलेले नोटरी. तिथे ‘अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे’ एवढंच म्हटलं की ‘कशासाठी?’ असा एक प्रश्न येतो आणि संगणकात आधीच असलेला मजकूर उघडला जातो. आपण नाव, वय, पत्ता सांगायचा, कागद बाहेर आला की सही करायची, गोल शिक्का बसला की निघायचं. अर्ध्या तासात काम होतं, आणि म्हणूनच बहुतेकांना ही एक उपचाराची पायरी वाटते.

प्रत्यक्षात सामान्य माणूस आयुष्यात ज्या कागदांवर सही करतो, त्यातला हा सर्वांत जड कागद आहे. शपथपत्र किंवा प्रतिज्ञापत्र म्हणजे न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलावं तसं, पण लेखी, शपथेवर केलेलं निवेदन. त्यातलं प्रत्येक वाक्य सही करणाऱ्याच्या तोंडचं असतं. टायपिस्टचं नाही, वकिलाचं नाही आणि नोटरीचंही नाही. ‘नोटरी केलं म्हणजे कागद खरा ठरला’ हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. नोटरी दोनच गोष्टींची साक्ष देतो: हा माणूस अमुकच आहे, आणि त्याने माझ्यासमोर शपथ घेऊन सही केली. आतला मजकूर खरा की खोटा, हे त्याने तपासलेलं नसतं आणि तपासणं त्याचं कामही नसतं. ती जबाबदारी पूर्णपणे सही करणाऱ्याची.

हे नीट समजण्यासाठी गावोगाव रोज होणारं एक प्रतिज्ञापत्र घेऊ. वारस नोंदीचं.

एक कुटुंब, साडेतीन एकर जमीन

समजा, एक शेतकरी वारले. हिंदू कुटुंब, मृत्युपत्र केलेलं नाही. त्यांनी स्वतः विकत घेतलेली साडेतीन एकर, म्हणजे 140 गुंठे जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन गेलेल्या दोन मुली आहेत. तिसरी मुलगी वडिलांच्या आधीच वारली. तिला एक मुलगा आहे. शिवाय शेतकऱ्याची वृद्ध आई हयात आहे, धाकट्या नातवाकडे राहते.

सातबाऱ्यावर वारसांची नावं लागावीत म्हणून थोरला मुलगा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अशी खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची माहिती देणारं शपथेवरचं निवेदन मागितलं जातं. मुलगा टायपिंगच्या टेबलाशी जातो. तो विचारतो, ‘वारस कोण कोण?’ मुलगा सांगतो, ‘आई आणि आम्ही दोघं भाऊ.’ बहिणी सासरी सुखात आहेत, आजी काय आज आहे उद्या नाही, आणि वारलेल्या बहिणीचा मुलगा त्याला आठवतही नाही. कागदावर तीन नावं येतात आणि त्यांच्याखाली तयार मजकुरातलं एक वाक्य आपोआप येतं: ‘मयतास वरील व्यक्तींव्यतिरिक्त अन्य कोणीही कायदेशीर वारस नाहीत.’

मुलाने बहुधा हे वाक्य वाचलेलंही नाही. पण संपूर्ण कागदातलं सर्वांत गंभीर विधान तेच आहे आणि ते खोटं आहे.

हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. आधीच वारलेल्या मुलीची मुलंही येतात. तिच्या शाखेला मिळून एक वाटा मिळतो. लग्न झाल्याने मुलीचा वारसा संपत नाही. वारलेल्या मुलीचा नवरा मात्र सासऱ्याचा या वर्गातला वारस नसतो. म्हणजे या घरात वाटे सात होतात: पत्नीचा एक, आईचा एक, दोन मुलग्यांचे दोन, हयात मुलींचे दोन आणि वारलेल्या मुलीच्या मुलाचा एक. प्रत्येक वाटा 20 गुंठ्यांचा. थोरल्या मुलाच्या प्रतिज्ञापत्राने चार वाटे, म्हणजे 80 गुंठे, चार माणसांना न विचारता कागदावरून पुसले जातात. यात सर्वांत जास्त विसर पडतो तो मयताच्या आईचा. मुलाच्या मागे राहिलेली आई ही त्याची वारस असते, हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं.

आपल्याला हे कसं माहीत?

प्रतिज्ञापत्राचा ढाचा साधा असतो. वर ज्या कार्यालयासाठी किंवा न्यायालयासाठी ते करायचं त्याचा उल्लेख, मग लिहून देणाऱ्याचं पूर्ण नाव, वय, व्यवसाय, पत्ता, आणि त्याखाली ‘मी’ अशा प्रथमपुरुषी भाषेत क्रमांक दिलेले परिच्छेद. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगावी, म्हणजे पुढे प्रश्न आलाच तर नेमकं कुठलं विधान ते दाखवता येतं. शेवटी सत्यापन असतं: वरचा मजकूर खरा आहे आणि काहीही लपवलेलं नाही, असं सांगणारं निवेदन, स्थळ, तारीख आणि सही.

या ढाच्यामागे एक नियम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 19 व्या आदेशातला तिसरा नियम सांगतो, की प्रतिज्ञापत्रात माणसाने स्वतःच्या माहितीने सिद्ध करू शकेल अशाच गोष्टी लिहाव्यात. दाव्याच्या दरम्यान केलेल्या अंतरिम अर्जांपुरती समजुतीवर आधारलेली विधानं चालतात, पण तिथेही ती समजूत कशावरून झाली ते सांगावं लागतं. हा नियम न्यायालयासाठी असला, तरी कुठल्याही कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला हीच कसोटी लावावी. प्रत्येक वाक्यापाशी थांबून स्वतःला विचारायचं: हे मला कसं माहीत?

आपल्या उदाहरणात मुलाने भावंडांची नावं लिहिली, ती त्याला जन्मापासून माहीत आहेत. ते स्वतःचं ज्ञान. पण तयार मजकुरात आणखी एक वाक्य असतं: ‘मयताने कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.’ हे मुलाला कसं माहीत? वडिलांनी त्याला न सांगता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन मृत्युपत्र नोंदवलं असेल, किंवा एखाद्या मित्रापाशी ठेवलं असेल. म्हणून जाणकार वकील ते वाक्य असं लिहितो: ‘मी वडिलांची घरातील कागदपत्रे पाहिली, त्यांत मृत्युपत्र आढळले नाही. माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही.’ उद्या मृत्युपत्र निघालं, तर पहिलं वाक्य खोटं ठरतं. दुसरं त्या दिवशीही खरं होतं आणि खरंच राहतं. शब्दांच्या या फरकावर प्रामाणिक माणसाचं संरक्षण अवलंबून असतं.

नोटरीसमोर काय घडायला हवं

नोटरी म्हणजे शिक्का बाळगणारा कोणीही वकील नव्हे. 1952 च्या नोटरी कायद्याखाली केंद्र किंवा राज्य सरकार त्याची नेमणूक करतं. सर्वसाधारणपणे किमान दहा वर्षं वकिली केलेल्या व्यक्तीला अर्ज करता येतो. महिला आणि काही प्रवर्गांसाठी ही अट सात वर्षांची आहे. व्यवसायाचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, मग त्याचं नूतनीकरण करावं लागतं. कोणत्या भागात काम करायचं तेही त्यात ठरलेलं असतं. त्याचा शिक्का साधा, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा आणि त्यावर त्याचं नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव असावं, असं 1956 चे नोटरी नियम सांगतात. म्हणजे शिक्का नीट वाचला तरी बरंच कळतं.

त्याच्यासमोरची प्रक्रिया नीट झाली तर तिला फार तर दहा मिनिटं जादा लागतात. आधी ओळख: मूळ ओळखपत्र दाखवायचं. आपल्याकडे बहुधा एखादा वकील ‘मी यांना ओळखतो’ अशी सहीही करतो. मग मजकूर वाचायचा. आपल्याला वाचता येत नसेल, किंवा कागद आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर तो समजेल अशा भाषेत वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि तसा शेरा खाली असला पाहिजे. सही करता न येणाऱ्याचा अंगठा घेतात, तिथे हा शेरा फारच महत्त्वाचा. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत आणि ते करणारी आजी फक्त मराठी जाणणारी, असं असूनही हा शेरा नसेल, तर आजीला मजकूर कळला होता का, हा पहिला प्रश्न समोरचा वकील विचारतो.

त्यानंतर शपथ. 1969 च्या शपथ कायद्यात तिचा नमुना आहे. देवाच्या नावाने शपथ घ्यायची नसेल, त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर सांगण्याची मोकळीक आहे, आणि दोन्हींचं वजन कायद्यात सारखंच. प्रतिज्ञापत्राच्या शपथेत माणूस सांगतो, की हे माझं नाव आणि ही माझी सही आहे, आणि या प्रतिज्ञापत्रातला मजकूर खरा आहे. हे तोंडाने बोलायचं असतं. मगच नोटरीच्या डोळ्यांदेखत सही करायची, प्रत्येक पानावर आणि प्रत्येक खाडाखोडीजवळ. शेवटी नोटरी सही-शिक्का करतो, तारीख घालतो आणि आपल्या नोंदवहीत नोंद करतो. त्या नोंदीचा अनुक्रमांक कागदावर येतो.

या नोंदवहीकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण वाद झाला की तीच बोलते. कागदावर क्रमांक आहे आणि नोंदवहीत तो दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, किंवा त्या तारखेच्या दोन नोंदींमध्ये बसतच नाही, असं निघालं की मागची तारीख घातल्याचं उघड होतं. म्हणून घरी जाण्यापूर्वी क्रमांक, तारीख आणि शिक्का स्पष्ट उमटलेत का ते पाहावं आणि पूर्ण कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. मूळ कागद कार्यालयात गेला, की वर्षांनंतर आपण काय लिहिलं होतं ते आठवत नाही. नोटरीची फी सरकारने ठरवलेली असते, तिचा तक्ता त्याने कार्यालयात लावायचा असतो आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यायची असते. पावती मागणं हा आपला हक्क आहे.

बिघडतं ते नेमकं याच पायऱ्यांवर. कोऱ्या कागदावर आधीच शिक्के मारून ठेवलेले असतात. घरातला एक जण सगळ्यांचे कागद घेऊन येतो आणि सही करणारा नोटरीसमोर येतच नाही. रकाने रिकामे ठेवून सही घेतात, ‘नंतर भरतो’ म्हणतात. अशा कागदावर शपथ झालेलीच नसते. तुमच्या बहिणीच्या नावाचं असं प्रतिज्ञापत्र निघालं आणि त्या दिवशी ती नोकरीच्या गावी हजर होती हे हजेरीपटावरून दिसलं, तर तो कागद तिथेच संपतो आणि ते बनवणाऱ्यांवरच प्रश्न उभे राहतात. असं काम करणाऱ्या नोटरीविरुद्ध सरकारकडे तक्रार करता येते आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर त्याचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं.

परदेशी असलेल्यांची अडचण खरी असते. दुबईतला भाऊ किंवा अमेरिकेतली बहीण फोनवर चेहरा दाखवून गावच्या नोटरीसमोर हजर झाली असं होत नाही. त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन शपथ घ्यावी. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना शपथ देण्याचा आणि असे कागद साक्षांकित करण्याचा अधिकार 1948 च्या कायद्याने दिलेला आहे.

स्टॅम्प पेपरचा घोळ

शपथ आणि मुद्रांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅम्प पेपर हा सरकारला भरलेला कर. त्याने मजकुराला खरेपणा येत नाही आणि त्याच्याशिवाय शपथ हलकीही होत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्राने प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये केलं आणि गोंधळ उडाला. दाखल्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांकडूनही पाचशेचा कागद मागितला जाऊ लागला. मुळात जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयांत व न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी हे शुल्क 1 जुलै 2004 च्या आदेशानेच माफ आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने ही माफी पुन्हा स्पष्ट केली. म्हणजे वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. बँक, गृहनिर्माण संस्था किंवा खाजगी व्यवहारासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्राला मात्र ही माफी लागू धरता येत नाही.

पुढे काय होतं

आता त्या साडेतीन एकरांकडे परत जाऊ. तलाठी चौकशी करतो, वारस नोंदवहीत नावं घेतो, फेरफार तयार करतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ज्यांची नावंच कागदात नाहीत त्यांना नोटीस पोहोचत नाही. बहिणींना कळतं ते बहुधा दोन-तीन वर्षांनी, जमीन विकायला काढली की.

त्या प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करू शकतात. अपिलाची मुदत 60 दिवसांची, पण उशिराचं योग्य कारण दिलं तर तो माफ होऊ शकतो, आणि नोटीसच मिळाली नाही हे बळकट कारण आहे. फेरफारामुळे मालकी मिळत नाही. ती नोंद महसूल वसुलीच्या सोयीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे बहिणी, आजी आणि भाचा यांचे वाटे प्रतिज्ञापत्राने गेलेले नाहीत. गेली ती वर्षं, पैसा आणि भावाबहिणींचं बोलणं.

आणि लिहून देणारा? त्याच्या हातचा तो कागद आता त्याच्याविरुद्ध उभा असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये खोट्या पुराव्याला शिक्षा आहे: न्यायालयीन कार्यवाहीत सात वर्षांपर्यंत, इतरत्र तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. पुरावा म्हणून स्वीकारता येणाऱ्या निवेदनात जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्यालाही कलम 236 खाली तशीच शिक्षा होते. न्यायालयातल्या खोट्या प्रतिज्ञापत्राबाबत कोणीही परस्पर खटला भरू शकत नाही. त्या न्यायालयाने चौकशी करून स्वतः लेखी तक्रार करावी लागते. त्यामुळे शिक्षेची प्रकरणं कमी दिसतात, आणि त्यातून ‘काही होत नाही’ असा समज पसरतो. पण शिक्षा न होताही नुकसान होतंच. एकदा शपथेवर खोटं बोललेला पक्षकार त्यानंतर खरं बोलला तरी न्यायाधीश जपूनच ऐकतात.

चूक आणि खोटेपणा यांत कायदा फरक करतो. जाणूनबुजून, किंवा खरं नाही असं वाटत असूनही केलेलं विधान गुन्हा ठरतं. प्रामाणिक चूक नाही. म्हणून चूक लक्षात आली की थांबायचं नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलाला फेरफार प्रमाणित होण्याआधी कोणी समजावलं, तर त्याने दुसरं प्रतिज्ञापत्र करावं, त्यात पहिल्याचा क्रमांक आणि तारीख द्यावी, कोणती नावं राहिली आणि का ते लिहावं आणि ते तलाठ्याकडे द्यावं. जुना कागद फाडून टाकण्याने तो नाहीसा होत नाही. नोंदवहीत त्याची नोंद राहतेच.

प्रतिज्ञापत्राने काय होत नाही

याच घराण्यात पुढे एक दुसरा प्रसंग नेहमी येतो. बहिणी म्हणतात, ‘आम्हाला वाटा नको, भावांना राहू दे.’ मग कोणीतरी सुचवतं, नोटरीकडे एक हक्कसोड करून टाका. बहिणी सह्या करतात आणि सगळ्यांना वाटतं विषय मिटला. तो मिटत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडणारा दस्त नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने ती जागा भरून निघत नाही. बहिणीने दहा वर्षांनी मन बदललं, किंवा तिच्या पश्चात तिच्या मुलांनी वाटा मागितला, तर भावांच्या हातात फक्त एक शिक्का मारलेला कागद असतो.

जमिनीच्या विक्रीचं तसंच. नोटरी केलेल्या करारावर प्लॉट घेतलेल्या माणसाच्या हातात मालकी येत नाही. लग्न आणि घटस्फोट यांचंही तसंच. दोघांनी नोटरीसमोर ‘आम्ही वेगळे झालो’ असं लिहून दिल्याने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न संपत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारच्या विधि विभागाने नोटरींना विवाहाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका, अशी ताकीदच दिली. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्या बाईच्या नशिबी काय येतं, हे कौटुंबिक न्यायालयांत रोज दिसतं.

न्यायालयातही प्रतिज्ञापत्र हा शेवटचा शब्द नसतो. विरुद्ध पक्ष मागणी करू शकतो, की हे लिहून देणाऱ्याला उलटतपासणीसाठी बोलवा. तेव्हा कागदात जे डौलाने लिहिलं ते तोंडाने सांगावं लागतं. स्वतःच्या माहितीवर लिहिलेला माणूस तिथे अडखळत नाही.

कुठे मागतात आणि कुठे मागू नये

दाव्यातले अर्ज, साक्षीदारांच्या सरतपासण्या, वारसाची प्रकरणं, दोन कागदपत्रांवर नाव वेगळं असलं तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं सांगणं, हरवलेल्या शेअर प्रमाणपत्राबद्दल कंपनीला लिहून देणं, अशा कामांत प्रतिज्ञापत्र लागतंच. नोटरी हा त्यातला एकच मार्ग. न्यायालयाने नेमलेला अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्यासमोरही शपथ घेता येते, आणि तहसीलदार व नायब तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. दाखल्यांसाठी आलेल्या माणसाला कचेरीतच शपथ घेता येते, ती सोय विचारून घ्यावी.

सार्वजनिक जीवनातलं सर्वांत महत्त्वाचं प्रतिज्ञापत्र मात्र आपण स्वतः वाचायला हवं. लोकसभा किंवा विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 मध्ये स्वतःवरचे गुन्हे, स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर सांगावं लागतं. 2002 आणि 2003 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी मतदाराला ही माहिती मिळाली. 2013 मध्ये न्यायालयाने हेही सांगितलं, की रकाने कोरे ठेवलेलं प्रतिज्ञापत्र चालणार नाही. ती प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या affidavit.eci.gov.in या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

उलट बाजूला, प्रतिज्ञापत्र मागण्याची सवय कमी व्हावी यासाठी सरकारांनी पावलंही उचलली आहेत. डिसेंबर 2016 पासून पारपत्राच्या अर्जासोबतची जोडपत्रं साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून चालतात, नोटरी लागत नाही. जन्म-मृत्यूची नोंद तीस दिवसांनंतर पण वर्षाच्या आत करायची असेल, तर पूर्वी नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागे. 2023 च्या दुरुस्तीने ते काढून स्वसाक्षांकित कागद पुरेसा ठरवला. महाराष्ट्र शासनानेही 9 मार्च 2015 च्या निर्णयाने, कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नसेल तिथे स्वयंघोषणापत्र स्वीकारावं असं सांगितलं. तरी जुन्या सवयीने खिडकीवरून ‘अ‍ॅफिडेव्हिट आणा’ असं सांगितलं जातं. तिथे नम्रपणे विचारावं: कोणत्या नियमानुसार? स्वयंघोषणापत्र चालेल का? हा प्रश्न विचारल्याने एका मजुराचा दिवसाचा रोज आणि दीडशे-दोनशे रुपये वाचतात.

स्वयंघोषणापत्र म्हणजे हलकं प्रकरण असं मात्र समजू नये. सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हाही गुन्हाच आहे. शपथ असो वा नसो, विचारायचा प्रश्न तोच राहतो.

म्हणून टायपिंगच्या टेबलावरून कागद हातात आला की आधी शेवटचं पान उघडून सही करू नये. पहिल्या ओळीपासून वाचावं. जे वाक्य आपलं नाही, ते खोडायला सांगावं. जे आपल्याला खात्रीने माहीत नाही, तिथे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ लिहायला सांगावं आणि ती माहिती कुठून मिळाली तेही लिहावं. ज्याचं नाव राहिलं असेल, ते घालायला लावावं, मग तो वाटा भावाच्या पदरात पडणार असो वा बहिणीच्या. टायपिस्ट थोडा वैतागेल. वैतागू द्या, त्या मजकुराखाली त्याची सही नसते, आपली असते.